आधी पाकिटं मोजा

ई-सहीची सेवा घेताना बहुतेक लोक महिन्याचे पैसे बघतात आणि सर्वांत स्वस्त योजना घेऊन टाकतात. मग विसाव्या तारखेच्या आसपास करार पाठवायला जावं, तर त्या महिन्याची मर्यादा संपलेली असते. सही घेण्याचं तंत्र सगळ्या योजनांत जवळपास सारखंच असतं. पैसे वाढतात ते किती पाठवता येईल आणि पाठवताना किती श्रम वाचतील, यावर.

डॉक्युसाइन या अमेरिकी सेवेचंच उदाहरण घेऊ. तिथं कागद मोजत नाहीत, ‘एन्व्हलप’ मोजतात, म्हणजे पाकीट. एका पाकिटात तीन कागद घाला, चार जणांच्या सह्या घ्या, तरी मोजणीत ते एकच. पर्सनल योजनेत महिन्याला अशी पाच पाकिटं मिळतात. स्टँडर्ड आणि तिच्या वरच्या बिझनेस प्रोमध्ये वर्षाचे पैसे एकदम भरले, तर माणशी वर्षाला शंभर मिळतात आणि ती वर्षभरात हवी तेव्हा वापरता येतात. महिन्या-महिन्याने पैसे भरले तर माणशी महिन्याला दहाच. उरलेली पाकिटं पुढच्या मुदतीत जमा होत नाहीत.

आता पुण्यातल्या एका छोट्या भाषांतर संस्थेचा हिशोब मांडू. पाठवणारी व्यक्ती एकच. दर महिन्याला साधारण तीन नवी गिऱ्हाइकं येतात आणि प्रत्येकाकडून गोपनीयतेचा करार आणि कामाची ऑर्डर अशा दोन कागदांवर सही हवी असते. दोन्ही वेगवेगळे पाठवले तर सहा पाकिटं होतात आणि पर्सनल योजना अपुरी पडते. एकत्र पाठवले तर तीनच लागतात. सहीची प्रत हातात येण्यातही काही फरक पडत नाही. अनेकांना हे माहीत नसतं आणि ते उगाच वरची योजना घेतात.

खरी अडचण जूनमध्ये येते. अडतीस भाषांतरकारांचे वार्षिक करार नव्याने करायचे असतात. सगळ्यांना एकाच पाकिटात घालणं शक्य नाही, कारण मग एकाचा दर दुसऱ्याला दिसेल. प्रत्येकाला वेगळं पाकीट हवं. बिझनेस प्रोमधलं ‘बल्क सेंड’ नेमकं हेच करतं. नावं आणि ईमेल यांची सीएसव्ही फाइल चढवली की एका झटक्यात सगळ्यांना आपापला करार जातो. पण मोजणीत ती अडतीस पाकिटंच धरली जातात. बल्क सेंड हात वाचवतं, पाकिटं वाचवत नाही, आणि माझ्या मते योजना निवडताना सर्वांत मोठी गफलत इथेच होते. शंभरातून अडतीस गेली की बासष्ट उरतात. नेहमीच्या कामाला वर्षाला छत्तीस लागतात, म्हणजे या संस्थेचं भागतं. तीच संस्था महिन्याचे पैसे भरत असती तर जूनमध्ये दहा पाकिटांवर अडली असती.

मग बिझनेस प्रो घ्यावी का? या संस्थेने घेऊ नये, असं मला वाटतं. कराराचा नमुना, म्हणजे टेम्प्लेट, एकदा करून ठेवला की नाव, ईमेल आणि दर भरून एकेक पाठवायला फार तर दोन-तीन मिनिटं लागतात. वर्षातून एकदा दोन तास बसण्यासाठी बारा महिने जास्त पैसे भरण्यात अर्थ नाही. नमुना तर पर्सनलमध्येही साठवता येतो. तो सहकाऱ्यांबरोबर वाटून वापरायचा असेल तर मात्र स्टँडर्ड लागते.

स्टँडर्ड घ्यावी ती स्मरणपत्रांसाठी. अडतीसपैकी निम्मे जण पहिल्या दिवशी सही करतात, बाकीच्यांच्या मागे लागावं लागतं. तीन दिवसांनी पहिलं स्मरणपत्र, मग दर दोन दिवसांनी एक, असं लावून ठेवलं की ते आपोआप जात राहतं. पर्सनलमध्ये तोच ईमेल हाताने पुन्हा पाठवता येतो. त्याला नवं पाकीट लागत नाही, पण कोणाची सही राहिली आहे हे रोज उघडून बघावं लागतं.

दुसऱ्या सेवांमध्ये कुंपण वेगळ्या जागी असतं. ड्रॉपबॉक्स साइनच्या पहिल्या सशुल्क योजनेत पाठवण्यावर मर्यादा नाही, पण नमुने मोजकेच ठेवता येतात. चेन्नईच्या झोहो साइनच्या मोफत योजनेत महिन्याला पाचच कागद पाठवता येतात. म्हणून दोन योजनांची तुलना करताना दोन्हीकडे नेमकं काय मोजलं जातं, हे आधी विचारावं.

पाकीट पाठवलं त्या क्षणी मोजलं जातं. समोरच्याने सही नाकारली किंवा आपणच ते रद्द केलं, तरी ते परत मिळत नाही. ईमेलमध्ये एखादं अक्षर चुकलं की घाईने ‘व्हॉइड’ करून नवं पाठवण्याची सवय असते आणि तिथं एकाच करारावर दोन पाकिटं खर्च होतात. त्याऐवजी ‘करेक्ट’ दाबून फक्त पत्ता बदलावा. समोरच्याने सही करेपर्यंत ते चालतं आणि पाकीट तेच राहतं.