ओळखा पाहू माझा शब्द!

दोस्तांनो, पावसानं घरात कोंडलंय? मग हा खेळ खेळा. एकानं मनात शब्द धरायचा आणि दुसऱ्यानं त्याच्या अक्षरांबद्दल प्रश्न विचारायचे. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’! कागद-पेन्सिल काही नको.

आधी नियम ठरवा. शब्द तीन अक्षरी असावा. त्यात काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, जोडाक्षर काही नको आणि सुरुवात व्यंजनानं व्हावी.

नवा खेळाडू लगेच विचारतो, ‘‘पहिलं अक्षर क आहे का? ख आहे का?’’ इथेच तो फसतो. ‘नाही’ आलं, की एकच अक्षर कमी होतं. शहाणा खेळाडू असा प्रश्न विचारतो, की ‘हो’ येवो वा ‘नाही’, निम्मी अक्षरं बाद!

समजा, शब्द आहे ‘बदक’. ङ, ञ, ण, ळ यांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत. ती सोडली, की क पासून ह पर्यंत ३० व्यंजनं उरतात. आता विचारा, ‘‘पहिलं अक्षर क ते द यांत आहे का?’’ नाही. उरली १५. ‘‘ध ते म यांत?’’ हो. उरली ७. ‘‘ध, न, प यांपैकी?’’ नाही. उरली ४. ‘‘फ किंवा ब?’’ हो. ‘‘फणसाचा फ?’’ नाही. म्हणजे ब! पाच प्रश्नांत काम झालं. क पासून एकेक विचारत गेलात, तर ब विसाव्या प्रश्नाला आला असता.

आता दुसऱ्या अक्षरासाठी पुन्हा सगळी बाराखडी पिंजू नका. ब नं सुरू होणारे शब्दच आठवा: बदक, बदल, बगल, बखर, बहर, बटण, बचत. ‘‘शेवटी क किंवा ल आहे का?’’ हो. सातातले तीनच राहिले. ‘‘मधलं अक्षर द?’’ हो. ‘‘शेवटी क?’’ हो. आठव्या प्रश्नाला बदक हाती! मात्र तुम्हांला न आठवलेला शब्द समोरच्यानं धरला असेल, तर एकेका अक्षराचे तुकडे पाडत जावं लागेल.

खेळ तोंडी आहे, म्हणून कानाची फसगत होते. ब आणि भ, द आणि ध पटकन बोललं की सारखेच वाटतात. श आणि ष तर बहुतेकांच्या तोंडी एकच! म्हणून ‘भटजीचा भ’, ‘शहामृगाचा श’ असं म्हणा. उरलेल्या प्रत्येक अक्षराला ‘नाही’ येऊ लागलं, तर ओळखा, की मागे कुठलं तरी उत्तर चुकलंय. मग भांडू नका. पहिल्या प्रश्नापासून सगळी उत्तरं पुन्हा म्हणून घ्या. चूक तिथेच सापडते!