बॅटरी भरलेली, तरी गाडी गप्प

इलेक्ट्रिक गाडीच्या मुख्य बॅटरीत ८० टक्के चार्ज आहे, तरी रिमोट दाबल्यावर दार उघडत नाही आणि स्क्रीनही उजळत नाही. अशा वेळी पहिला संशय १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर घ्यावा.

गाडी बंद असताना शेकडो व्होल्टची मुख्य बॅटरी सुरक्षेसाठी बाकी गाडीपासून तोडलेली असते. तिला जोडणारे काँटॅक्टर, म्हणजे मोठे विद्युत-स्विच, मिटतात ते १२ व्होल्टवर. त्यांना हुकूम देणारा संगणकही त्यावरच चालतो. म्हणून छोटी बॅटरी पार उतरली, की बहुतेक गाड्यांत चार्जिंग गन लावूनही उपयोग होत नाही. चार्जरशी बोलणारा संगणकच झोपलेला असतो.

किल्लीच्या रिमोटमध्ये लपवलेल्या धातूच्या किल्लीने दार उघडावे आणि छोट्या बॅटरीला मल्टिमीटर लावावा. लेड-ॲसिड बॅटरी धडधाकट असेल तर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात; १२च्या खाली आकडा म्हणजे ती उतरली. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या टोकांना १२ व्होल्टचा जंप स्टार्टर जोडला, की गाडी सहसा जागी होते. इथे इंजिन फिरवायचे नसल्याने थोडा करंट पुरतो. मग डीसी-डीसी कन्व्हर्टर मुख्य बॅटरीतून छोटीला चार्ज करू लागतो.

तो कन्व्हर्टरच बिघडला असेल, तर नवी बॅटरीही पुन्हा उतरते. ह्युंदाईने २०२४ मध्ये भारतातल्या १,७४४ आयोनिक ५ गाड्या परत तपासायला बोलावल्या, त्या याच कामाच्या आयसीसीयू या भागासाठी. गाडी चालू असताना छोट्या बॅटरीवर १३ ते १५ व्होल्ट दिसले नाहीत, तर थेट सर्व्हिस सेंटर गाठावे.