सर, पद्धतीचा विभाग तेवढा…

दोघांनी मिळून लिहायला घेतलेला शोधनिबंध अडतो तो बहुधा शेवटच्या आठवड्यात, आणि अडतो एखाद्याच विभागापाशी. समजा, एका महाविद्यालयातल्या भूगोलाच्या मॅडम आणि रसायनशास्त्राचे सर तालुक्यातल्या 40 विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर लिहिताहेत. मॅडमचे नकाशे झाले, प्रस्तावनाही झाली. सरांकडचा ‘पद्धती’ विभाग मात्र तीन आठवडे ‘होतच आलाय’. परिषदेला निबंध पाठवायची मुदत रविवारी संपते.

“सर, कुठपर्यंत आलं?” असं मॅडम दोनदा विचारून चुकल्या आहेत. दोन्ही वेळा “दोन दिवसांत देतो” हेच उत्तर आलं. त्यात सरांचा खोटेपणा नाही. अशा प्रश्नाला दुसरं उत्तर देणंच अवघड असतं. त्यातून उशीर झालेल्या माणसाला आता जे पाठवायचं ते चांगलंच असायला हवं असं वाटू लागतं, आणि काम आणखी लांबतं.

म्हणून तिसरा निरोप लिहिण्याआधी मॅडमनी एक गोष्ट तपासायला हवी: या विभागातलं फक्त सरांनाच ठाऊक असं काय आहे? नमुने कोणत्या तारखांना घेतले, बाटल्या थंड ठेवल्या का, किती तासांत प्रयोगशाळेत पोचल्या, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 220 नॅनोमीटरला मोजताना सेंद्रिय द्रव्यासाठी 275 नॅनोमीटरची दुरुस्ती केली का. हे मॅडम अंदाजाने लिहू शकत नाहीत, आणि परीक्षक विचारणार ते नेमकं हेच. नायट्रेटची पिण्याच्या पाण्यातली भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. एखाद्या विहिरीचा आकडा 47 आला, तर ती मर्यादेबाहेर आहे की नमुना नीट न ठेवल्याचा हा परिणाम आहे, ते याच चार ओळींवर ठरतं. बाकी वाक्यं जुळवणं, संदर्भसूची, परिषदेच्या साच्यात मजकूर बसवणं ही कामं कुणीही करील.

ही विभागणी डोक्यात आली की निरोप साधारण असा उतरतो:

“सर, नमस्कार. आपला निबंध सोमवारी संध्याकाळी 5 च्या आत पाठवायचा आहे. आता पद्धती, तक्ता 2 आणि चर्चा एवढंच राहिलंय. पद्धतीचं लेखन मी करते. तुम्ही नमुन्यांच्या तारखा, साठवण आणि मोजणीचे तपशील वहीतून फोटो काढून गुरुवारी रात्रीपर्यंत पाठवा, वाक्यं नकोत. तक्ता 2 मधले आकडे तुम्हीच शुक्रवारी तपासा. चर्चा आणि संदर्भ मी शनिवारी पूर्ण करते. रविवारी दोघांनी एकदा पूर्ण वाचू आणि तुमचा होकार आला की पाठवू. यातलं काही जमणार नसेल तर आजच सांगा, म्हणजे वाटणी बदलता येईल.”

यात मागच्या तीन आठवड्यांबद्दल चकार शब्द नाही. तो हिशोब निबंध गेल्यावर हवा तर करावा. सरांकडे मागितलेलं काम चहाच्या सुट्टीत उरकेल इतकं लहान झालंय आणि प्रत्येक कामापुढे एकच नाव आहे. ‘चर्चा आपण दोघं बघू’ असं लिहिलं असतं, तर ती कुणीच बघितली नसती.

मुदत रविवारची असून सोमवार कसा, असं सर विचारतील. बऱ्याच आंतरराष्ट्रीय परिषदा ‘पृथ्वीवर कुठेही’ या वेळेनुसार चालतात. ती आपल्या साडेसतरा तास मागे असते. त्यामुळे तिथले रविवार रात्रीचे 11:59 म्हणजे आपल्याकडे सोमवार संध्याकाळचे 5:29. ही सूट शेवटच्या फाइलसाठी राखून ठेवावी; ती आधीच धरून चाललं की तीही उडते.

केंब्रिजचे गणिती हार्डी आणि लिटलवुड यांच्या सहलेखनाचे चार नियम हाराल्ड बोर यांनी सांगून ठेवलेत. एकाचं पत्र आलं तरी दुसऱ्याने उत्तर द्यायलाच हवं असं नाही, इतकंच काय, ते वाचायलाही हवं असं नाही, हा त्यातला एक. एखाद्या निबंधात एकाने काहीच केलं नसलं तरी तो दोघांच्या नावावर जाई. ते दोघे ते होते! मुदत डोक्यावर असलेल्यांनी हे नियम वाचावेत आणि विसरावेत.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती तर लेखक कोणाला म्हणायचं याच्या निकषांत, अंतिम मसुद्याला प्रत्येकाची मान्यता हवी असं स्पष्ट सांगते. इतर विषयांतही प्रथा साधारण तीच. त्यामुळे गुरुवारी फोटो आले नाहीत, तर मॅडमनी सरांचं नाव परस्पर काढून निबंध पाठवणं हा मार्ग नाही, कारण मोजणी सरांचीच आहे. आणि त्यांना न दाखवता त्यांच्या नावानिशी पाठवणंही नाही. शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेत जाऊन वही समोर घेऊन बसावं. सर तिथेही भेटले नाहीत, तर मुदतवाढ मागावी, नाहीतर निबंध पुढच्या परिषदेसाठी ठेवावा.