पासबुकात एक्केचाळीस हजार, हाताशी किती?

एप्रिलच्या पहिल्या रविवारी आमच्या तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेची बैठक होती. संस्था एक अभ्यासिका चालवते आणि गरजू मुलींना वह्या-पुस्तकं देते. खजिनदारताईंनी टेबलावर बँकेचं पासबुक, पावतीपुस्तक आणि व्हाउचरांची एक फुगलेली फाइल ठेवली. अध्यक्षांनी पासबुक उघडलं. शेवटच्या ओळीत ४१,२५० रुपये दिसत होते. ते म्हणाले, "सर, एवढे पैसे पडून आहेत, तर बावीस हजारांचा इन्व्हर्टर घेऊन टाकू. परीक्षेच्या दिवसांत वीज जाते, पोरं अंधारात बसतात."

मी या संस्थेचे हिशोब लिहून देतो. मागणी रास्त होती, पण होकार द्यायच्या आधी मी एक आठवडा मागून घेतला. पासबुकातला आकडा एवढंच सांगतो की बँकेकडे संस्थेचे किती पैसे आहेत. ते कोणत्या कामासाठी आले आणि त्यातले किती आधीच कुणाला देऊन झालेत, हे त्याला ठाऊक नसतं. ते कळायला जमा-खर्चाचं पत्रक मांडावं लागतं.

या पत्रकाचा साचा सोपा असतो. वर्षाच्या सुरुवातीला हातात आणि बँकेत मिळून जे होतं ती आरंभीची शिल्लक. तीत १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात खरोखर आलेले पैसे मिळवायचे आणि खरोखर गेलेले वजा करायचे. उरते ती अखेरची शिल्लक. देणगीवर चालणाऱ्या संस्थेने मात्र हे सगळं एकाच रकान्यात मांडलं तर फसगत होते. म्हणून प्रत्येक हेतूला मी वेगळा रकाना देतो. इथे तीन लागले. पहिला सर्वसाधारण, म्हणजे संस्थेने तिच्या कामात कुठेही वापरावेत असे पैसे. दुसरा वह्या-पुस्तकांचा आणि तिसरा अभ्यासिकेच्या गळक्या छताच्या दुरुस्तीचा.

सुरुवात पावतीपुस्तकापासून केली. वर्षभरात ६२ पावत्या फाडलेल्या होत्या. पहिलं काम क्रमांक तपासायचं, एकही नंबर मध्येच गायब नाही ना हे पाहायचं. एक पावती रद्द केलेली होती आणि तिच्या दोन्ही प्रती पुस्तकातच टाचलेल्या होत्या, हे चांगलं. रद्द पावतीची मूळ प्रत जागेवर नसेल, तर ती कुणाला दिली गेली होती का, हे विचारावंच लागतं.

स्थळप्रतींची बेरीज १,८२,४०० आली. बँकेच्या नोंदी आणि रोख जमेशी ती जुळेना. दोन कारणं निघाली. ५,००० रुपयांचा एक चेक परत आला होता, पावती मात्र तशीच होती. आणि २,००० रुपये यूपीआयने थेट खात्यात आले होते, त्यांची पावतीच झाली नव्हती. पाच हजार वजा, दोन हजार अधिक, म्हणजे १,७९,४००. त्यात बँकेचं व्याज १,६५० मिळवल्यावर वर्षाची जमा १,८१,०५० झाली. ती बँक आणि रोख दोन्हींशी जुळली. यूपीआयने देणाऱ्याला पावती करून पाठवली.

एका दुकानदाराने वह्यांचे गठ्ठेही दिले होते. त्यांची किंमत काढून जमेत धरावी, असं कुणीतरी सुचवलं. या पत्रकात फक्त पैसा येतो. वस्तूंची नोंद साठ्याच्या वहीत नगांनी ठेवायची.

आता खरी कसोटी होती, कोणती पावती कोणत्या रकान्यात घालायची याची. बहुतेक स्थळप्रतींवर नुसतं 'देणगी' लिहिलं होतं. तेवढ्यावर विसंबून विभागणी केली तेव्हा सर्वसाधारण रकाना बराच भरला. पण सवयीने मी देणगीदारांच्या चिठ्ठ्या आणि संदेश मागवून घेतले, तेव्हा १५,००० रुपयांच्या एका चेकसोबतचं पत्र सापडलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, 'मुलींच्या वह्या-पुस्तकांसाठी'. पावती करणाऱ्याने ते शब्द उतरवले नव्हते. ही चूक कुठल्याही बेरजेत सापडत नाही. पंधरा हजार या रकान्यात घाला की त्या, एकूण जमा तीच राहते, बँकेची शिल्लकही जुळते, आणि लेखापरीक्षकानेही पत्र पाहिलं नाही तर ती तशीच पुढे जाते. फरक फक्त त्या मुलींना पडतो. त्यांच्या नावाने आलेले पंधरा हजार वीजबिलात गेले असते आणि कुणाला कळलंही नसतं. या कामात मला सगळ्यात मोठी काळजी याच चुकीची वाटते.

खर्चाच्या बाजूला व्हाउचर बघायचे. व्हाउचरवर तारीख, कुणाला दिले, कशासाठी दिले, कुणी मंजूर केले आणि घेणाऱ्याची सही हवी, मागे बिल जोडलेलं हवं. रिक्षाभाड्यासारख्या खर्चाला बिल मिळत नाही, तिथे सहीचं व्हाउचर चालतं. प्रत्येक व्हाउचरवर मी लाल पेनने रकान्याचं नाव लिहितो. तो निर्णय खर्च कशाचा होता यावरून घ्यायचा. कुठल्या रकान्यात पैसे शिल्लक आहेत हे बघून घेतला, तर सगळी मांडणीच वाया जाते.

व्हाउचरांची बेरीज केल्यावर रोख शिल्लक उणे २,२८० आली. पेटीत तर प्रत्यक्ष २,१०० रुपये होते. रोकड कधी उणे होऊ शकत नाही. पेटीत नसलेली नोट कुणाला देता येत नाही. त्यामुळे कागदावर रोख उणे दिसली की कुठेतरी खर्च दोनदा धरला आहे किंवा जमा राहून गेली आहे, हे पक्कं समजावं. फरक होता ४,३८० चा. त्याच रकमेचं एक बिल फाइलमध्ये सापडलं. एका कार्यकर्त्याने वह्या आणायला ५,००० रुपये उचल घेतली, तिचं व्हाउचर झालं. वह्या ४,३८० च्या आल्या, उरलेले ६२० त्याने परत जमा केले आणि बिलाचं पुन्हा वेगळं व्हाउचर केलं. उचलही खर्चात आणि बिलही खर्चात! बिल उचलीच्या व्हाउचरला जोडलं, खर्च ४,३८० एवढाच धरला आणि रोकड जुळली.

मग पत्रक असं उभं राहिलं:

| | सर्वसाधारण | वह्या-पुस्तके | छत | एकूण |
|---|---|---|---|---|
| आरंभीची शिल्लक | १८,०५० | १०,००० | २०,००० | ४८,०५० |
| वर्षातली जमा | ७६,०५० | ४५,००० | ६०,००० | १,८१,०५० |
| वर्षातला खर्च | ६८,६५० | ३८,६०० | ८६,५०० | १,९३,७५० |
| अखेरची शिल्लक | २५,४५० | १६,४०० | उणे ६,५०० | ३५,३५० |

पासबुकात ४१,२५० आणि पेटीत २,१००, म्हणजे ४३,३५० हवेत. पत्रक ३५,३५० म्हणतं. मधले आठ हजार छताच्या कारागिराचे. त्याला २९ मार्चला चेक दिला होता, तो त्याने ३१ मार्चपर्यंत वटवला नव्हता. आमच्या दृष्टीने ते पैसे गेलेले आहेत, बँकेच्या दृष्टीने अजून आहेत. असे न वटलेले चेक क्रमांक आणि रकमेसह लिहून काढणं म्हणजेच बँकेशी ताळमेळ. एप्रिलच्या पासबुकात तो चेक वटलेला दिसला, की हा ताळमेळ खरा ठरतो. महिनोन्महिने तो वटलाच नाही, तर चौकशी करायची.

छताच्या रकान्यातल्या 'उणे ६,५००' वर मंडळी थबकली. छतासाठी सगळे मिळून ८०,००० होते, बिल ८६,५०० चं झालं. वरचे साडेसहा हजार आले कुठून? बँकेचं खातं एकच, त्यामुळे ते कुठल्या तरी दुसऱ्या रकान्यातूनच गेले. वह्यांच्या पैशाला हात लावायचा नाही. तो ज्यांनी दिला त्यांनी हेतू बांधून दिला आहे. म्हणून तूट सर्वसाधारण रकान्यातूनच भरायला हवी, आणि तीही कार्यकारिणीच्या ठरावाने. ठराव झाल्यावर पत्रकात सर्वसाधारणमधून ६,५०० वजा आणि छतात ६,५०० अधिक अशी एक ओळ वाढते. प्रत्यक्षात एक रुपयाही हलत नाही, म्हणून एकूण ३५,३५० तसेच राहतात. छत शून्यावर येतं, वह्या-पुस्तके १६,४०० वर राहतात आणि सर्वसाधारण होतं १८,९५०.

अध्यक्षांना मी हा शेवटचा आकडा दाखवला. २५,४५० पाहून त्यांना वाटलं होतं, इन्व्हर्टर बसतो. १८,९५० मध्ये तो बसत नव्हता. शिवाय मार्चचं वीजबिल अजून भरायचं होतं. हे पत्रक फक्त दिल्या-घेतलेल्या पैशाचं असतं, देणं राहिलेलं बिल त्यात दिसत नाही. म्हणून पत्रकाखाली अशा देण्यांची टीप मी नेहमी लिहितो.

हे पत्रक कायद्याचे सगळे कागद मात्र भागवत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासाला लेखापरीक्षणासाठी अनुसूची आठप्रमाणे ताळेबंद आणि अनुसूची नऊप्रमाणे उत्पन्न-खर्च पत्रक लागतं. ताळेबंदात वह्यांचे १६,४०० संस्थेच्या वाढाव्यात न मिसळता वेगळा निर्धारित निधी म्हणून दाखवायचे असतात, आणि तो आकडा या पत्रकातूनच उचलला जातो. आयकराची सूट घेणाऱ्या संस्थेला न खर्चलेल्या पैशाचा आणखी एक हिशोब द्यावा लागतो. वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच वर्षी हेतूवर लागावा, असा नियम आहे. कमी लागला तर उरलेला पैसा पुढे कशासाठी राखला हे मुदतीत कळवावं लागतं. तिथे सनदी लेखापालाचाच सल्ला घ्यावा. पण सल्ला मागायला जाताना कोणत्या हेतूचे किती उरले, हे आपल्याला सांगता आलं पाहिजे.

त्या बैठकीत छताचा ठराव झाला आणि इन्व्हर्टरसाठी वेगळी देणगी मागायचं ठरलं. नव्या पावतीपुस्तकात 'हेतू' अशी छापील ओळ घेतली. ती कोरी असेल तर पावती द्यायची नाही, असं ताईंनी सगळ्यांना बजावलं. वह्यांच्या रकान्याला नव्या वर्षात १६,४०० आरंभीची शिल्लक मिळाली. शाळा उघडायच्या आठवड्यात चाळीस मुलींना प्रत्येकी ४१० रुपयांचा संच गेला. त्या व्हाउचरच्या मागे ताईंनी चाळीस सह्यांची यादी जोडली आहे.