पाडव्यापासून शंभरावा दिवस कोणता?

२०२५च्या गुढीपाडव्याला, ३० मार्चच्या रविवारी, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर शंभर दिवसांचा एक उपक्रम सुरू झाला. पहिल्या दिवशी एक सूर्यनमस्कार, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत शंभराव्या दिवशी शंभर. लिफ्टशेजारी सूचना लागली, तिच्यात वेळ होती, सतरंजी आणायला सांगितलं होतं, फक्त शेवटची तारीख नव्हती. आणि ती हवी होती, कारण त्या दिवशी सगळ्यांना मिसळ खायची होती.

पहिल्याच सकाळी तीन उत्तरं आली. बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "८ जुलै. यात विचार करण्यासारखं काय आहे?" एकाने तीन महिने दहा दिवस असा हिशेब करून १० जुलै सांगितली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कालनिर्णय न उघडताच सांगून टाकलं, "अहो, पाडव्यापासून शंभर म्हणजे आषाढीच की!" आषाढी एकादशी ६ जुलैला होती. माझं उत्तर ७ जुलै होतं, पण मी लेख लिहिणारा माणूस. माझ्या आकडेमोडीवर भरवसा कोण ठेवणार?

गंमत म्हणजे काका आपल्या जागी बरोबर होते. ३० मार्चला शंभर दिवसांची मुदत ठेव ठेवली तर ती ८ जुलैलाच पिकते. ठेव ठेवली त्या क्षणी एकही दिवस सरलेला नसतो. ३१ मार्चला एक दिवस सरतो आणि ८ जुलैला शंभर पूर्ण होतात. व्याज सरलेल्या दिवसांवर मिळतं. सूर्यनमस्कारांचं मात्र तसं नाही. ३० मार्चला एक नमस्कार घालायचाच आहे, म्हणजे त्या तारखेला 'पहिला' हा क्रमांक आधीच मिळालेला आहे.

हा फरक मराठीत घरोघरी बोलला जातो. "मुलाला सातवं लागलं" आणि "मुलाला सात पूर्ण झाली" यांत एका वर्षाचं अंतर असतं आणि ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत यालाच गत वर्ष आणि वर्तमान वर्ष म्हणत. दिवसाचा क्रमांक हा 'लागलेला' आकडा असतो. दोन तारखांची वजाबाकी केली की 'सरलेला' आकडा मिळतो. म्हणून क्रमांक काढताना वजाबाकीत एक मिळवायचा आणि शेवटची तारीख शोधताना पहिल्या तारखेत शंभर नव्हे, नव्याण्णव मिळवायचे. कुंपणाला दहा खांब रोवले तर त्यांच्यामध्ये नऊच गाळे असतात, तसंच हे.

आपल्या रोजच्या बोलण्यात दोन्ही पद्धती सुखाने नांदतात. सात दिवसांच्या चक्राला आपण 'आठवडा' म्हणतो, कारण आजचा रविवार धरून मोजलं तर पुढचा रविवार आठवा येतो. उलट दहा दिवसांच्या गणपतीत चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत बोटं मोजली तर अकरा तिथ्या भरतात. २०२५मध्ये २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर, तारखाही अकराच. तिथे आपण सरलेले दिवस मोजतो.

या एका दिवसाच्या घोळाने रोमन लोकांचं कॅलेंडर बिघडवलं होतं. ज्युलियस सीझरने इसवी सनपूर्व ४५पासून नवं कॅलेंडर लागू केलं, त्यात दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवायचा होता. पण रोमन मोजणी सुरुवातीचा आकडा धरून व्हायची. आपला 'आठवडा' जसा सात दिवसांचा, तसं त्यांचं 'दर चौथं वर्ष' प्रत्यक्षात तीन वर्षांनी यायचं. सीझरचा खून झाल्यावर पुरोहितांनी छत्तीस वर्षं हा प्रकार चालू ठेवला. लीप वर्षं नऊ व्हायला हवी होती, झाली बारा. वर चढलेले तीन दिवस उतरवण्यासाठी ऑगस्टसला पुढची काही लीप वर्षं गाळावी लागली.

आता आमची तारीख. हाताने काढायला दोन मिनिटं लागतात. मार्चमधले दोनच दिवस आपले, ३० आणि ३१. एप्रिलचे ३० मिळवले की ३२, मेचे ३१ मिळवले की ६३, जूनचे ३० मिळवले की ९३. शंभराला सात कमी, म्हणून ७ जुलै. तीन महिने दहा दिवसवाल्यांची गफलत इथेच होते, कारण महिना हे माप ताणलं-आकसलं जाणारं आहे. एखाद्याने महिन्याच्या १ तारखेला सुरुवात केली, तरी शंभरावा दिवस कुठे पडेल ते महिन्यावर ठरतं. १ जानेवारीला सुरू केलं तर १० एप्रिल, लीप वर्ष असेल तर ९ एप्रिल. १ जुलैला सुरू केलं तर ८ ऑक्टोबर.

या बेरजेतून रोजच्या वापराचीही सोय होते. एप्रिलच्या कुठल्याही तारखेत २ मिळवा, मेच्या तारखेत ३२, जूनच्या तारखेत ६३ आणि जुलैच्या तारखेत ९३, की त्या दिवसाचा क्रमांक हजर. १५ मेला किती नमस्कार? पंधरा अधिक बत्तीस, सत्तेचाळीस. मी हे चार आकडे गच्चीच्या दारावर खडूने लिहिले. त्यानंतर रोज सकाळी होणारं "आज कितवा हो?" थांबलं.

उत्तर तपासायला वार पुरतो. नव्याण्णव म्हणजे चौदा आठवडे आणि वर एक दिवस. म्हणून शंभरावा दिवस नेहमी पहिल्या दिवसाच्या पुढच्या वारी येतो. आम्ही रविवारी सुरू केलं, तर शेवट सोमवारीच व्हायला हवा. ७ जुलै २०२५ला सोमवार होता. काकांच्या ८ तारखेला मंगळवार होता, तीन महिने दहा दिवसांच्या १० तारखेला गुरुवार. दोन्ही पाहताक्षणी बाद. ही खूण मी काकांना सांगितली तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून सगळे रविवार मोजले, पंधरावा रविवार नव्याण्णवावा दिवस निघाला, आणि मग ते काही बोलले नाहीत.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने हजेरीसाठी एक्सेलमध्ये तक्ता केला. एक्सेलला तारीख म्हणजे निव्वळ एक पूर्णांक असतो. १ जानेवारी १९००ला त्याने १ हा आकडा दिला आहे आणि तिथून तो मोजत सुटला आहे. त्या हिशेबात आमचा पाडवा ४५७४६ आणि ७ जुलै ४५८४५. म्हणून शेवटची तारीख आणि आजचा क्रमांक काढायला एवढंच लागतं (`A1` मध्ये ३० मार्च):

```
=A1+99
=TODAY()-A1+1
```

तरीही दोन विचित्र गोष्टी घडल्या. नवव्या दिवशी, ७ एप्रिलला, क्रमांकाच्या चौकटीत '०९-०१-१९००' उमटलं. मुलगा घाबरला, पण उत्तर चुकलं नव्हतंच. ते ९ होतं, फक्त चौकट तारखेच्या रूपात दाखवत होती आणि एक्सेलच्या लेखी ९ म्हणजे ९ जानेवारी १९००. चौकटीचं स्वरूप 'नंबर' केलं की झालं.

दुसरी चूक खरी होती आणि ती सकाळी दिसायचीच नाही. ५ मेला, सदतिसाव्या दिवशी, सकाळी तक्ता ३७ दाखवत होता आणि संध्याकाळी ३८. मुलाने `TODAY()` ऐवजी `NOW()` लिहिलं होतं. `NOW()` तारखेसोबत वेळही देतो, आणि वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक. संध्याकाळी सहाला पाऊण दिवस उलटलेला असतो, म्हणून उत्तर ३७.७५ यायचं आणि दशांश लपवलेले असल्याने चौकटीत ३८ दिसायचं. रोज दुपारी बारानंतर एक दिवस वाढवणारा तक्ता दिसला की ओळखावं, कुणीतरी तारखेत घड्याळ मिसळलं आहे.

बाकी अशी अखंड दिवसमोजणी आपल्याला नवी नाही. सिद्धांतग्रंथांत तिला अहर्गण म्हणतात, कलियुगाच्या आरंभापासून सरलेल्या दिवसांची रास. तो आरंभ इसवी सनपूर्व ३१०२च्या १८ फेब्रुवारीला मानतात, आणि २०२५च्या पाडव्यापर्यंत ही रास सुमारे १८ लाख ७२ हजार दिवसांवर पोचली होती. महिने, लीप वर्षं, अधिक मास यांची कटकट एकदाच सोसून सगळं एका आकड्यात आणायचं आणि मग फक्त बेरीज-वजाबाकी करायची, ही युक्ती पंचांगकर्त्यांची आणि एक्सेलची एकच.

राहिल्या काकू. त्यांचं उत्तर चुकलं ते एका दिवसाने, पण कारण सगळ्यांत सुंदर होतं. चैत्र शुद्ध प्रतिपदेला १ धरा. चैत्र संपताना ३० तिथ्या, वैशाख संपताना ६०, ज्येष्ठ संपताना ९०. आषाढ शुद्ध दशमी शंभरावी आणि एकादशी एकशे एकावी. म्हणजे पाडव्यानंतर शंभर तिथ्या सरल्या की आषाढी. काकूंनी मुदत ठेवीसारखे मोजले, पण दिवस नव्हे, तिथ्या. तिथी दिवसापेक्षा किंचित लहान असते. चांद्रमास सुमारे २९.५३ दिवसांचा आणि त्यात तिथ्या तीस, म्हणून शंभर तिथ्या जेमतेम साडेअठ्ठ्याण्णव दिवसांत उरकतात. ३० मार्चपासून ६ जुलैपर्यंत अठ्ठ्याण्णव दिवस सरले आणि आषाढी आमच्या मोजणीत नव्याण्णवावी आली.

हे मी समजावून सांगितलं तेव्हा काकूंनी लगेच पुढचं विचारलं, "मग दर वर्षी नव्याण्णवावीच येणार का?" नाही. २०२६मध्ये पाडवा १९ मार्चला आणि ज्येष्ठ अधिक. शंभरावा दिवस २६ जूनला, शुक्रवारी येतो, आणि आषाढी थेट २५ जुलैला.

मधे काकू ८ ते ११ मे गावी गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी विचारलं, आता मी चाळिसापासून सुरू करू का? त्यावर गच्चीवर बराच वाद झाला. शेवटी ठरलं की क्रमांक तारखेचा, माणसाचा नव्हे. १२ मे सगळ्यांसाठी ४४वाच. काकूंच्या वहीत मात्र त्या दिवशी 'चाळिसावी हजेरी' अशी नोंद झाली. दोन्ही आकडे एकाच रकान्यात कोंबले असते तर महिनाभरात कुणाचाच कशाशी मेळ बसला नसता. १ ते १०० ची बेरीज ५०५०. काकूंच्या त्या चार दिवसांचे १६६ गेले, त्यांचे ४८८४ भरले.

६ जुलैच्या रविवारी काकूंचा उपवास होता, तरी त्यांनी नव्याण्णव घातले. ७ तारखेला शंभर झाल्यावर मिसळ आली. काका ८ तारखेलाही गच्चीवर आले आणि त्यांनी एकट्याने एकशे एक घातले. ठेव पिकली म्हणाले.