घंटागाडीचे महिन्याला पन्नास रुपये

घंटागाडी गावात आणणं फार अवघड नाही. ती दोन वर्षांनीही फिरती ठेवणं अवघड आहे. अनेक ग्रामपंचायतींच्या आवारात ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी दिसते, तिचं कारण बहुधा एकच असतं: गाडी अनुदानातून आली, पण ती रोज चालवायचा पगार कुठून येणार हे ग्रामसभेत कुणी बोललंच नाही. म्हणून घरोघरी कचरा गोळा करण्याची योजना मांडताना सरपंचांच्या भाषणाचा कणा पगाराचा हिशेब असायला हवा, स्वच्छतेची महती नव्हे.

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण)च्या 2020 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत निधी धरला होता. अठराशे वस्तीच्या गावाला म्हणजे एक लाख आठ हजार. त्यात खतखड्डे, कचरा वेगळा करायची शेड, एखादी गाडी अशी उभारणी होते आणि पैसे संपतात. पुढचा खर्च ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून करायचा असतो. ग्रामसभेत हे पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं, तर पुढचं बोलणं सोपं होतं.

मग येतो दर. तो शेजारच्या गावाचा पाहून ठरवू नये, आपला खर्च मांडून ठरवावा. त्याआधी गावात कचरा नेमका कसला निघतो ते पाहायला हवं. गोठा असलेल्या घरातलं शिळंपाकं जनावरांच्या पुढ्यात जातं, शेण उकिरड्यावर. त्या घरात साचतात त्या वेफर्सच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, बाटल्या, फुटकी काच, डायपर, सॅनिटरी पॅड. यासाठी शहरासारखी रोज गाडी लागत नाही; आठवड्यातून तीनदा पुरते. ज्यांच्याकडे ना गुरं ना परसबाग, त्यांच्या ओल्या कचऱ्यासाठी गल्लीजवळ खतखड्डा करता येतो.

समजा, गावात चारशे घरं आहेत. उदाहरणापुरते आकडे घेऊन सरपंचताई असं मांडू शकतात: “मंडळी, गाडी महिन्याला तेरा दिवस फिरेल. चालक आणि मदतनीस, सकाळच्या पाळीचे प्रत्येकी चारशे रुपये, म्हणजे दहा हजार चारशे. इंधनाला दोन हजार, दुरुस्तीसाठी दीड हजार बाजूला, हातमोजे-साबणाला सहाशे. झाले साडेचौदा हजार. घरटी पन्नास रुपये घेतले आणि चारशेपैकी तीनशे घरांनी दिले, तर पंधरा हजार जमतात. शंभर घरं देणार नाहीत असं धरूनच मी हा दर सांगते आहे.”

शेवटचं वाक्य माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. शंभर टक्के वसुली धरून काढलेला दर कागदावर छत्तीस-सदतीस रुपये दिसतो, ऐकायला गोड लागतो आणि तिसऱ्या महिन्यात पगार थकवतो. भंगाराचं उत्पन्नही जमेस धरू नये. बाटल्या आणि पुठ्ठा भंगारवाला घेतो, पण चकचकीत पुड्यांना कुणी विचारत नाही. त्या पोत्यात भरून तालुक्याच्या प्लास्टिक केंद्रात पाठवाव्या लागतात आणि त्या फेरीलाही खर्च येतो.

भाषण संपायच्या आतच कुणीतरी उठून म्हणेल, “घरपट्टीबरोबर आरोग्य कर भरतोच की, मग पुन्हा पैसे कशाला?” प्रश्न रास्त आहे. त्या कराची वर्षाची जमा किती आणि ती गटारं, फवारणी, झाडलोट यांवर कशी गेली, हा कागद ग्रामसेवकांनी सोबत आणलेलाच असावा. दुसरा आवाज वाडीवरून येईल. गाडी पोचत नसेल, तर तिथे शुल्कही नको. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सूट द्यायची असेल, तर निकष सभेतच ठरावे. सूट नंतर ओळखीवर वाटली गेली, की बाकीचेही हात आखडतात. वसुली बचत गटाच्या बायकांकडे द्यावी, त्यांना त्यातला ठरलेला हिस्सा मिळावा आणि प्रत्येक पन्नास रुपयांची पावती फाडली जावी.

योजना बिघडू लागल्याची पहिली खूण पैशांत दिसत नाही, गाडीत दिसते. घरात वेगळा ठेवलेला ओला-सुका कचरा मदतनीस डोळ्यांदेखत एकाच कप्प्यात ओततो. हे पाहिलेली बाई पुढच्या वेळी दोन डबे कशाला ठेवेल? दुसरी खूण म्हणजे गावाबाहेर उठणारा काळा धूर. वेगळा न झालेला कचरा कुठेच घेत नाहीत, मग तो पेटवला जातो. म्हणून गाडीला दोन कप्पे आणि मिसळलेला कचरा परत करण्याचा अधिकार मदतनिसाला, या दोन्ही गोष्टी ठरावातच लिहाव्यात.

आणि पैसे देणारी घरं अडीचशेवर आली तर? जमा साडेबारा हजार, खर्च साडेचौदा. तेव्हा पगार अडवायचा नाही, आठवड्याच्या फेऱ्या तीनवरून दोन करायच्या. खर्च अकरा हजारांच्या आत येतो. हेही त्याच सभेत सांगून ठेवावं आणि दर महिन्याच्या पाच तारखेला जमाखर्च फलकावर लावावा.