जिन्यावरची काच

पुण्यातल्या आमच्या घरात जिन्याच्या डोक्यावर चार फूट बाय चार फुटांची काच आहे. जिन्याला बाहेरची भिंतच नाही, त्यामुळे खिडकीचा प्रश्न नव्हता. उजेड आणायचा तर वरूनच. घर नवं होतं तेव्हा येणारा प्रत्येक पाहुणा त्या काचेखाली उभा राहून वर बघायचा. मग पहिला मे आला आणि दुपारी जिन्याच्या स्टीलच्या कठड्याला हात लावता येईना. पहिल्या जुलैत वरून तिसऱ्या पायरीवर पाणी टपकू लागलं. पुढची तीन वर्षं दर पावसाळ्याआधी कुणीतरी येऊन काचेच्या कडेने सिलिकॉनची नवी रेघ ओढून जायचं आणि दर जुलैत पाणी पुन्हा त्याच पायरीवर पडायचं.

चौथ्या वर्षी एक वयस्कर मिस्त्री भेटले. त्यांनी काचेकडे पाहिलंही नाही. मे महिन्यातच त्यांनी गच्चीच्या पाणी जाण्याच्या भोकांना बोळे लावले, गच्चीवर दोन इंच पाणी साठवलं आणि ते ४८ तास तसंच ठेवलं. काचेला थेंबही लागू दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या पायरीवर ओल आली. मिस्त्री म्हणाले, "ताई, काच नाही गळत. कट्टा गळतोय."

छतातल्या भोकाभोवती जो बुटका उंचवटा बांधतात, त्याला आर्किटेक्ट ‘कर्ब’ म्हणतात आणि मिस्त्री ‘कट्टा’. काच त्याच्यावर टेकते. गच्चीवर पावसाचं पाणी धावतं, साचतं, वाऱ्याने उडतं, थेंब आपटून शिंतोडे उडतात, आणि या सगळ्यापासून काचेचा सांधा वर उचलून ठेवणं हे कट्ट्याचं काम. त्यासाठी तयार गच्चीच्या वर तो किमान सहा इंच असावा लागतो. ‘तयार गच्ची’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आमच्या नकाशात कट्टा नऊ इंच होता आणि तो नऊ इंचच बांधला गेला, पण नुसत्या स्लॅबपासून. मग स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा झाला, त्याला उतार दिला, वर फरशी बसली. एवढ्यात सहा इंच गेले आणि पाण्यासमोर उभा राहिला तीन इंचांचा कट्टा. जुलैत एखाद्या भोकात झाडाचा पाला अडकला की पाणी थेट त्याच्या कडेला लागायचं.

दुसरी चूक तोडल्यावर दिसली. कट्टा विटांचा होता आणि तयार स्लॅबवर नुसता सिमेंटमध्ये बसवलेला होता. ऊन तापलं की स्लॅब एका मापाने फुगतो, वीटकाम दुसऱ्या मापाने. दोघांच्या मधल्या सांध्यात केसाएवढी भेग पडते. कोब्याखाली झिरपलेलं पाणी त्या भेगेतून आत येत होतं. वरून कितीही सिलिकॉन भरलं तरी त्या भेगेपर्यंत ते कधीच पोचणार नव्हतं.

नवा कट्टा काँक्रीटचा केला. नवीन बांधकामात तो स्लॅबबरोबरच, एकाच वेळी ओतावा, म्हणजे सांधाच उरत नाही. आमच्याकडे ती वेळ गेली होती, म्हणून स्लॅबमध्ये भोकं पाडून रसायनाने सळ्या रोवल्या, त्यांच्यावर कट्टा ओतला आणि उंची स्लॅबपासून एक फूट ठेवली. वॉटरप्रूफिंगचा थर स्लॅबवरून सलग वर चढवून कट्ट्याच्या माथ्यावर वळवला. कट्ट्याच्या पायथ्याशी काटकोन न ठेवता मसाल्याचा गोल वाटा मारला, कारण काटकोनात वॉटरप्रूफिंग ताणलं जाऊन तिथेच फाटतं. त्यानंतर आलं फ्लॅशिंग: कट्ट्याच्या माथ्यावरून बाहेर उतरणारा ॲल्युमिनियमचा वाकवलेला पत्रा. त्याची खालची कड थोडी बाहेर वळलेली असते, म्हणजे पाणी कट्ट्याला चिकटून न ओघळता सुटं होऊन खाली पडतं.

फ्लॅशिंगचा नियम आपल्या कौलांइतका जुना आहे. वरचा थर नेहमी खालच्या थरावर चढलेला हवा. उतरत्या छपरात खिडकी बसवताना आधी खालच्या बाजूचा पत्रा लागतो आणि तो खालच्या कौलांवर येतो. मग दोन्ही बाजूंचे पत्रे, खालून वर. सगळ्यात शेवटी वरच्या बाजूची पन्हाळी, आणि तिची वरची कड कौलांच्या खाली जाते. हा क्रम उलटा झाला की पाणी पत्र्याच्या मागे शिरतं. वरच्या बाजूला खिडकी पाण्याचा प्रवाह अडवते, पालापाचोळाही तिथेच साठतो. म्हणून छपराची खिडकी गळली तर आधी ती पन्हाळी तपासावी. पाणी वजनाने खाली जातं आणि थरावर थर असेल तर आपोआप बाहेर पडतं. सिलिकॉन ही दुसऱ्या फळीची मदत. ते कधी ना कधी कडेने सुटतं, आणि जी खिडकी फक्त त्याच्या भरवशावर आहे ती त्या दिवसापासून गळू लागते.

कोकणातल्या घरांत काचेचं कौल असतं, ते पिढ्यान्‌पिढ्या न गळता टिकतं. त्याला कुठलंही सिलिकॉन नाही. उताराच्या छपरात ते इतर कौलांसारखंच वरच्या कौलाखाली दबलेलं आणि खालच्या कौलावर चढलेलं असतं. शिवाय ते लहान असतं, आणि बहुतेक वेळा माडा-फणसाच्या सावलीत. माळवदाच्या घरातलं साणंही हातभराचंच. आम्ही मात्र चार फूट बाय चार फूट भोक पाडून ते उघड्या आभाळाखाली आडवं ठेवलं होतं.

आता उन्हाचं. पुण्यात मे महिन्याच्या मध्याला, १३ मेच्या सुमारास, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तोच शून्य सावलीचा दिवस. त्या वेळी निरभ्र आकाशाखाली एक चौरस मीटर आडव्या जागेवर साधारण १,००० वॅट ऊन पडतं. आमची काच जवळपास दीड चौरस मीटर. साध्या काचेतून त्यातलं सुमारे ८० टक्के ऊन उष्णता होऊन आत येतं. म्हणजे १,२०० वॅट. हिवाळ्यात खोली तापवायला लोक जो हीटर लावतात तो १,००० वॅटचा असतो. आमच्या जिन्यावर त्याहून मोठा हीटर भर मे महिन्यात दुपारभर पेटलेला होता. उभ्या खिडकीत असं होत नाही, कारण दुपारचं ऊन तिच्यावरून घसरत जातं आणि छज्जा उरलेलं अडवतो.

काच निवडताना दुकानदाराला एकच आकडा आधी विचारावा: एसएचजीसी, म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातला किती भाग उष्णता म्हणून आत येतो. साध्या काचेचा तो ०.८ च्या आसपास असतो. ‘डबल ग्लास बसवा, ऊन लागणार नाही’ असं आम्हाला सांगितलं गेलं होतं. पण दोन साध्या काचांमध्ये हवा कोंडली तरी हा आकडा ०.७ पर्यंतच येतो. दोन काचा थंड देशात आतली ऊब राखतात. थेट पडणारं ऊन त्या थोडंच अडवतात. ‘लो-ई’ या नावावरही विसंबू नये. काही लो-ई काचा हिवाळ्यातलं ऊन आत घ्यायलाच बनवलेल्या असतात. आपल्याला हवी ती ऊन परतवणारा थर असलेली, ०.३ च्या आसपासची काच. चांगल्या सोलर कंट्रोल काचा एवढ्या आकड्यालाही बऱ्यापैकी उजेड आत सोडतात, कारण उन्हातली जवळपास निम्मी उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांची असते आणि तो थर मुख्यतः त्यांनाच परतवतो. गडद रंगाची काच उजेडही खाते आणि स्वतः तापून ती उष्णता आत सोडते.

दुसरी अट सुरक्षेची. डोक्यावर असलेली काच, आणि दोन काचा असतील तर आतली तरी, लॅमिनेटेडच हवी. म्हणजे दोन काचांच्या मध्ये चिवट पापुद्रा. फुटली तरी काच त्याला चिकटून जागेवर राहते. आमच्याकडे नुसती टफन्ड होती. तिचे तुकडे बारीक आणि बोथट होतात हे खरं, पण डोक्यावरून ते सगळे खालीच पडतात, आणि टफन्ड काच क्वचित कुणाचा हात न लागताही फुटते. पॉलिकार्बोनेटचा पत्रा स्वस्त आणि हलका असतो, पण उन्हाने पिवळा पडतो, त्यावर पावसाचा आवाज फार होतो, आणि एका मीटरला तीन मिलिमीटरपर्यंत फुगतो-आकसतो. स्क्रूसाठी मोठं भोक ठेवलं नाही, तर तो भोकापासूनच तडकतो.

आणि पडदा? आम्ही पहिल्या उन्हाळ्यात काचेच्या खाली जाड पडदा ओढला होता. उजेड गेला, उकाडा तसाच राहिला. ऊन काचेतून एकदा आत शिरलं की पडदा तापतो आणि त्याची उष्णता काचेतून परत बाहेर जात नाही. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर.

मिस्त्रींच्या सांगण्यावरून आम्ही नवी काच थोडी उताराला बसवली. एका बाजूचा कट्टा पाच इंच जास्त उंच, म्हणजे पाणी आणि धूळ घसरून जातात. काच कट्ट्याच्या दोन इंच बाहेर आली. तिच्यावर फूटभर उंच लोखंडी चौकट उभी केली आणि त्यावर ७५ टक्के सावलीचं शेडनेट. हिशेब असा: १,२०० वॅट साध्या काचेतून, ४५० नव्या काचेतून, आणि नेट असताना त्याच्याही पावभर. मधल्या फुटातून वारा खेळतो, त्यामुळे नेटची उष्णता काचेला लागत नाही.

पुन्हा बांधायचं झालं, तर मी भोक दोन फूट बाय दोन फुटांचं ठेवेन. निरभ्र दुपारी बाहेर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, जिन्याला दीडशे पुरतात. चार फुटांची गरज कधीच नव्हती. आणि शक्य असेल तर काच आडवी ठेवणारच नाही. गच्चीवर छोटी पेटी उचलून उत्तरेच्या बाजूला उभी काच लावेन, जशी मुंबईच्या जुन्या कापड गिरण्यांच्या करवतीच्या दातांसारख्या छपरांत असायची. महाराष्ट्रात मे ते जुलै दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला झुकतो, पण तो इतका उंच असतो की वीतभर छज्जा त्याला पुरतो.

कुणी नवीन काच बसवत असेल तर एवढं करावं: काच लावण्याआधी गच्चीवर ४८ तास पाणी साठवून पाहावं. त्यात ओल आली नाही तर काच बसवून पाइपने पाणी मारावं, आधी कट्ट्याच्या पायथ्याशी दहा मिनिटं, मग पत्र्यावर, मग काचेच्या कडेवर. ज्या टप्प्याला आत थेंब दिसेल, दोष तिथे. उलट क्रमाने पाणी मारलं तर ते वरून सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. कारागिराचा शेवटचा हप्ता या चाचणीनंतरच द्यावा.

शेडनेट आम्ही होळीनंतर बांधतो. वळवाचे वारे सुरू झाले की सोडून ठेवतो आणि त्याच दिवशी गच्चीची भोकं साफ करतो.